घरातलं माणूस गेल्यावर: पहिल्या दिवसापासून पुढच्या वर्षापर्यंत

ज्यांच्या घरातलं माणूस नुकतंच गेलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा दिवसांत चार ओळींपुढे लक्ष लागत नाही हे माहीत असल्यामुळे तो काळाच्या क्रमानं लावला आहे. आज तुम्ही जिथे आहात तेवढाच भाग वाचा, बाकीचा ठेवून द्या. घरात थोडं सावरलेलं कोणी असेल तर पूर्ण लेख त्यांना वाचायला द्या, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी आजूबाजूच्या माणसांनीच करायच्या आहेत.

पहिले दोन-चार दिवस

बातमी कळल्यावर रडू येतंच असं नाही. कित्येक जण शांतपणे फोन करतात, कागद शोधतात, आलेल्यांना बसायला जागा करून देतात, आणि रात्री पाठ टेकल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटते, की आपण एवढे कोरडे कसे? हा कोरडेपणा म्हणजे प्रेम कमी पडल्याची खूण नाही. एवढी मोठी गोष्ट मन एकदम आत घेत नाही, थोडी थोडी घेतं. काही जणांचं रडू आठवड्यानं फुटतं, काहींचं महिन्यानं. त्यामुळे "रडून मोकळी हो" असा आग्रह कोणी धरू नये.

शरीर मात्र लगेच बोलू लागतं. घसा दाटतो, छातीवर दडपण येतं, श्वास पुरत नाही, भूक मरते, हातात घेतलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. हे बहुतेकांना होतं आणि हळूहळू ओसरतं. पण एका बाबतीत सावध राहा. छातीत दुखत असेल, ते दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटून दम लागत असेल, तर "दुःखामुळे होतंय" म्हणून बसून राहू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खरोखरच वाढतो. शिवाय तीव्र धक्क्यानं हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा टाकोत्सुबो नावाचा एक वेगळा विकार आहे. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. त्याची लक्षणं झटक्यासारखीच असतात आणि तपासणीशिवाय फरक कळत नाही.

या दिवसांत घरच्यांनी कामं वाटून घ्यावीत. फोन एकानं घ्यावेत, कागदपत्रं दुसऱ्यानं बघावीत. आणि ज्यांचं दुःख सर्वात मोठं आहे त्यांच्या रोजच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या वेळेवर हातात देण्याचं काम एका ठरावीक माणसाकडे असावं. गर्दीत नेमकं हेच राहून जातं. झोप यावी म्हणून नातेवाइकांनी स्वतःच्या डब्यातली गोळी देणं टाळावं. अशा गोळ्यांनी दुःख कमी होत नाही आणि त्यांची सवय पटकन लागते. झोप अगदीच नसेल तर डॉक्टरांना विचारून, थोड्या दिवसांपुरतीच घ्यावी. घर विकणं, नोकरी सोडणं, पैसे कोणाच्या नावावर करणं असे निर्णय या काळात घेऊच नका. कोणी घाई करत असेल तर "काही महिन्यांनी बोलू" एवढंच उत्तर पुरे.

विधी: काय करायचे, काय नाही

कोणत्याही धर्माचे, कोणत्याही रीतीचे अंत्यविधी पाहिले तर त्यांतून तीन गोष्टी होतात. माणूस गेलं हे डोळ्यांना आणि हातांना पटतं. काय करावं हे सुचत नसताना करायला काहीतरी ठरलेलं मिळतं. आणि लोकांना न बोलावता येण्याची मुभा मिळते. ज्यांची श्रद्धा नाही त्यांनाही या तीन गोष्टींची गरज असतेच. त्यामुळे विधी करायचे नसतील तर न करा, पण त्यांच्या जागी काय करणार आहात ते ठरवा. काहीच न करता थेट कामावर परतलेल्या माणसाला काही महिन्यांनी "ते गेलेत हे अजून खरंच वाटत नाही" असं म्हणताना मी अनेकदा ऐकलं आहे.

शेवटचं दर्शन घ्यावं की नाही, हा प्रश्न बहुतेकांना अवघड जातो. ज्यांना घ्यायचं आहे त्यांना कोणी अडवू नये आणि ज्यांना नको आहे त्यांना ढकलू नये. अपघातात देहाला इजा झाली असेल तर आधी दुसऱ्या कोणी तरी जाऊन बघावं आणि काय दिसेल ते स्पष्ट शब्दांत सांगावं. चेहरा पाहण्याजोगा नसेल तर बाकी झाकून फक्त हात उघडा ठेवता येतो. तो हात हातात घेऊन दोन मिनिटं बसता आलं, याचा पुढे कित्येकांना आधार वाटतो.

मुलांना घराबाहेर पाठवून देण्याची पद्धत मला पटत नाही. मूल लहान असेल तरी आधी सांगा: तिथे काय असेल, मोठी माणसं रडत असतील, तू कधीही बाहेर येऊ शकतोस. त्याच्याजवळ असं एक माणूस द्या ज्याला त्या दिवशी दुसरी कोणतीही जबाबदारी नाही. शब्द साधे वापरा. "आजोबा झोपलेत" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं, "लांब गेलेत" म्हटलं तर वाट बघत बसतं. "आजोबा मरण पावले. त्यांचं शरीर चालायचं थांबलं, आता ते परत येणार नाहीत," असं सांगा. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला कायमचं जाणं म्हणजे काय ते कळत नाही, त्यामुळे ते हाच प्रश्न दहा वेळा विचारेल. दहाही वेळा तेच उत्तर, त्याच शब्दांत द्यावं लागतं.

घरात विधींवरून वाद होतात. एकाला सगळं यथासांग हवं असतं, दुसऱ्याला काहीच नको असतं. अशा वेळी आधी विचारा, की गेलेल्या माणसानं याबद्दल काही सांगून ठेवलं होतं का. सांगितलं नसेल तर सगळ्यांसमोरचा विधी आणि प्रत्येकाचा स्वतःचा निरोप या दोन गोष्टी वेगळ्या करा. पहिल्यात तडजोड करता येते, दुसऱ्यात करावी लागत नाही. विधीसाठी कर्ज काढणार असाल तर जरा थांबा. पुढच्या वर्षभर दुःखाच्या जोडीला हप्त्यांची काळजी नको.

अंत्यविधीला पोहोचता आलं नाही, परदेशात होतात, स्वतःच दवाखान्यात होतात, तर निरोप नंतरही देता येतो. त्यासाठी एक वेळ ठरवा आणि एखाददुसरं माणूस बरोबर घ्या. सुरुवात म्हणून त्यांचं नाव घ्या. मग जे सांगायचं राहिलं ते पत्रात लिहून मोठ्यानं वाचा: कशाबद्दल ऋणी आहात, कशाबद्दल राग आहे, कशाची माफी हवी आहे. शेवट ठरलेला असू द्या, म्हणजे पत्र घडी करून ठेवून देणं किंवा त्यांच्या आवडीच्या जागी थोडं चालून येणं. शेवट न ठरवता बसलात तर उठवत नाही, म्हणून हा भाग गाळू नका.

सगळे परतल्यावर

दुखवट्याचे ठरलेले दिवस संपतात, माणसं आपापल्या घरी जातात, फोन कमी होतात. बहुतेकांना खरं दुःख इथून सुरू झाल्यासारखं वाटतं. आणि नेमकं याच वेळी लोकांना वाटतं, की आता सावरायला हवं. नातेवाइकांना माझी एकच विनंती आहे: पहिल्या आठवड्यात दहा वेळा जाण्यापेक्षा तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात जा. "काही लागलं तर सांग" म्हणू नका, कारण दुःखातलं माणूस सांगत नाही. "गुरुवारी संध्याकाळी येतो, बँकेचं काम एकत्र करू" असं म्हणा आणि गेलेल्याचं नाव घ्यायला घाबरू नका.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या क्रमानं चढायच्या असतात, असं तुम्ही ऐकलं असेल. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या, पण मुळात त्या स्वतः मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या, मागे राहिलेल्यांचं निरीक्षण करून नव्हे. त्यामुळे "मला अजून राग कसा आला नाही" किंवा "स्वीकार कधी येणार" याचा हिशेब ठेवू नका. प्रत्यक्षात काय होतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये जास्त नेमकं सांगितलं. माणूस दोन बाजूंमध्ये येरझारा घालत असतं. कधी आठवणीत, रडण्यात, फोटोंमध्ये असतं, तर कधी वीजबिल, मुलांचा अभ्यास, नवीन जबाबदाऱ्या यांत. दोन्ही बाजू लागतात. सकाळी हसलात आणि दुपारी कोसळलात, तर तुम्ही मागे गेला नाहीत, दुःख असंच चालतं. काळजी वाटावी ती ही ये-जा थांबल्यावर: कायम आठवणीतच अडकून पडल्यावर, किंवा कायम कामात लपून राहिल्यावर.

या काळात काही गोष्टींनी माणूस स्वतःला वेडं समजू लागतं. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू येतात. गर्दीत पाठमोरं कोणी दिसतं आणि काळीज लक्कन हलतं. खोलीत ते आहेत असं वाटतं. वेल्समधले डॉक्टर ड्यूई रीस यांनी विधवा आणि विधुरांना याबद्दल विचारलं होतं. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत जवळपास निम्म्यांना असे अनुभव आलेले होते, बहुतेकांनी ते कोणालाच सांगितले नव्हते, आणि अनेकांना त्यांचा आधार वाटत होता. तेव्हा असा अनुभव म्हणजे आजार नव्हे. आवाज तुम्हाला इजा करून घ्यायला सांगत असतील किंवा सतत घाबरवत असतील, तर मात्र लगेच दाखवा.

लांबलेल्या आजारपणानंतर सुटल्यासारखं वाटतं आणि त्याचीच लाज वाटते. ते हाल संपल्याचं वाटणं असतं, माणूस संपल्याचं नव्हे. गेलेल्याचा रागही येतो, विशेषतः त्यांनी औषधं टाळली असतील किंवा कर्ज मागे ठेवलं असेल तर. आत्महत्येनं माणूस गेलं असेल तर "का?" हा प्रश्न आणि "मला कसं कळलं नाही?" ही टोचणी फार लांब चालते, आणि लोकांच्या कुजबुजीमुळे घर गप्प होतं. अशा घरांनी सहा महिने वाट बघू नये, सुरुवातीलाच जाणत्या समुपदेशकाशी बोलावं.

वस्तूंच्या बाबतीत घाई नको आणि सक्तीही नको. कपडे कधी काढायचे याला मुदत नाही. काढताना तीन भाग करा: ठेवायचं, द्यायचं, आणि अजून ठरत नाही ते. तिसरा भाग डब्यात घालून वर्षभर बाजूला ठेवला तरी चालतो. पहिला वाढदिवस, पहिला सण, पहिला स्मृतिदिन यांच्या आधीचा आठवडा बहुधा त्या दिवसापेक्षा जड जातो. तो दिवस कोणाबरोबर आणि कुठे घालवायचा हे आधी ठरवलं, तर दडपण निम्मं होतं.

एक उदाहरण, जरा जवळून

हे उदाहरण अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेलं आहे, कुणा एका व्यक्तीचं नाही. पंचावन्नच्या आसपासच्या बाई. रात्री अकराला नवरा म्हणाला, छातीत जळजळतंय. त्या म्हणाल्या, "पित्त असेल, सकाळी बघू." पहाटे तो गेला.

चौथ्या महिन्यात त्या रोज संध्याकाळी रडत होत्या, पण बहिणीबरोबर फिरायला जात, एखाद्या आठवणीवर हसत आणि मग हसल्याची खंत करत. दुःख खोल होतं, तरी हलत होतं. तेव्हा समुपदेशनाची निकड नव्हती, सोबत पुरेशी होती.

दहाव्या महिन्यातलं चित्र वेगळं होतं. झोपायच्या खोलीत त्या पाऊल टाकत नसत, सोफ्यावरच झोपत. दवाखान्याचा रस्ता टाळण्यासाठी लांबून जात. नवऱ्याचा मोबाइल रोज चार्ज करत, पण मुलीनं बाबांचा विषय काढला की उठून जात. "सकाळी बघू" हे दोन शब्द दिवसभर डोक्यात फिरत. एकदा त्या म्हणाल्या, "मला मरायचं नाहीये, पण सकाळी जाग आली नाही तरी चालेल." हे वाक्य ऐकल्यावर मुलीनं विषय बदलला नाही, "आई, जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ विचारलं. तिनं योग्य केलं. असं विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

समुपदेशकानं आधी ती जोखीम तपासली, मग दुःखाकडे वळले. डोळे मिटून त्या रात्रीची हकीकत पहिल्यापासून सांगायची, मग डोळे उघडून त्रास शून्य ते शंभरमध्ये किती होता ते सांगायचं. त्याचं ध्वनिमुद्रण घरी ऐकायचं. पहिल्यांदा त्या अर्ध्यावर थांबल्या. काही भेटींनंतर पूर्ण सांगू शकल्या. त्यातूनच एक गोष्ट पुढे आली, की रात्री अकराला त्यांना जे माहीत होतं, त्यात पित्त हाच सर्वात साधा अंदाज होता, कारण याआधी अनेकदा ते पित्तच निघालं होतं. पहाटेनंतर कळलेल्या गोष्टीवरून त्या रात्री अकराच्या स्वतःला दोषी धरत होत्या. मग नवरा समोर बसला आहे असं धरून त्याच्याशी बोलायचं आणि त्याच्या बाजूनं उत्तरही द्यायचं, असं झालं. जोडीनं घरी छोटी पावलं चालू होती: खोलीच्या दारात उभं राहणं, मग आत बसणं, मग एक शर्ट घडी करणं.

शेवटी त्या रडायच्या थांबल्या का? नाही. पण त्या खोलीत झोपू लागल्या, मुलीशी बाबांबद्दल बोलू लागल्या, आणि भाचीच्या लग्नाला गेल्या.

मदत कधी घ्यायची

दुःख झालेल्या प्रत्येकाला समुपदेशन लागत नाही. बहुतेक जण आपल्या माणसांच्या सोबतीनं सावरतात. आजारानं वा वयानं आलेल्या मृत्यूनंतर साधारण दहातल्या एकाचं दुःख मात्र अडकतं. त्याला दीर्घकालीन दुःख विकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने धरले आहेत. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्याच वर्षी मोठ्यांसाठी बारा आणि मुलांसाठी सहा महिने धरले. दोन्हीकडे एक अट सारखी आहे: दुःख त्या माणसाच्या समाजातल्या आणि धर्मातल्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असलं पाहिजे. त्यामुळे परंपरेनं वर्षभर दुखवटा पाळणारं माणूस त्या कारणानं आजारी ठरत नाही.

सहा महिन्यांनंतर स्वतःला विचारा. ओढ जवळजवळ रोज पहिल्या आठवड्याएवढीच तीव्र आहे का? मृत्यू खरा वाटतच नाही का? आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळण्यात दिवस जातो का? आपल्यातलाच एक भाग मेला, आता जगण्याला अर्थ नाही, असं कायम वाटतं का? आणि यामुळे काम, घर, नाती कोलमडली आहेत का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना "हो" आलं तर वेळ घ्या.

नैराश्य यापेक्षा वेगळं, पण दोन्ही एकत्र असू शकतात. दुःखात खिन्नता लाटेसारखी येते आणि ती त्या माणसाशी जोडलेली असते. नैराश्यात ती सगळ्यावर पसरते, कशातच रस उरत नाही आणि "मीच निरुपयोगी आहे" असं वाटतं. नैराश्यावर औषधांचा उपयोग होतो. अडकलेलं दुःख नुसत्या गोळ्यांनी सुटत नाही, त्याला वर सांगितल्यासारखी बोलण्याची उपचारपद्धत लागते.

थांबायचंच नाही असे प्रसंगही आहेत: जीव द्यायचे विचार किंवा त्याची तयारी, "त्यांच्याकडे जायचंय" असं वारंवार म्हणणं, दारू किंवा गोळ्यांचं प्रमाण वाढणं, अन्नपाणी सोडणं, घरातल्या लहान मुलांची काळजी घेता न येणं. अशा वेळी मृत्यूला किती दिवस झाले हे बघू नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका, औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेला किंवा तुमच्या भागातल्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला लगेच फोन करा.

पहिली भेट

वेळ घेताना फोनवर एवढंच विचारा: "दुःखात असलेल्या लोकांबरोबर तुम्ही काम करता का? कोणत्या पद्धतीनं?" दीर्घकालीन दुःखावरच्या ज्या उपचाराची सर्वात कसून तपासणी झाली आहे, तो साधारण सोळा भेटींचा आहे, आठवड्याला एक. पहिल्या भेटीत सगळं सांगावं लागत नाही. कोण गेलं, कसं गेलं, आणि आता दिवसातली कोणती वेळ सर्वात कठीण जाते, एवढ्यावर सुरुवात होते. त्यांचा एखादा फोटो बरोबर न्या. नेहमीच्या गोळ्यांची यादीही न्या.

मृत्यूची हकीकत सांगायला लागल्यावर पहिल्या काही भेटींनंतर त्रास वाढल्यासारखा वाटतो. त्या दिवशी संध्याकाळी दुसरं मोठं काम ठेवू नका आणि घरात कोणीतरी असू द्या. तीन-चार भेटींनंतरही समोरचं माणूस फक्त धीर देत असेल, "विसरून जा" म्हणत असेल, किंवा स्वतःच्या श्रद्धा तुमच्यावर लादत असेल, तर ते तोंडावर सांगा आणि दुसऱ्या समुपदेशकाचं नाव मागा.